जमीन घराची, हात माणसाचा

पोरी, घरातले सगळे जुने फोटो गोळा करून त्यांच्यामागे नाव, ठिकाण आणि सण लिहायला घेतलेस, हे फार चांगलं केलंस. चेहरे तू ओळखशील. नाही ओळखलेस, तर विचारायला अजून चार माणसं आहेत. पण फोटो कुठल्या दिवसाचा आणि कुणाच्या दारातला, हे चेहऱ्यावरून कळत नाही. ते कळतं दारातल्या रांगोळीवरून आणि मांडीवर ठेवलेल्या हातांच्या मेंदीवरून.

भिवंडीत उभा जन्म काढलेल्या बाईला हे वाचायची सवय लागतेच. यंत्रमागांच्या मागून या गावात कुठून कुठून माणसं आली. पद्मानगरात तेलंगणातले पद्मशाली विणकर, यंत्रमागांच्या मोहल्ल्यांत उत्तर प्रदेशातले मोमीन अन्सारी, कापडाच्या पेढ्यांवर मारवाडी आणि गुजराती. जुन्या मोहल्ल्यांतले कोकणी मुसलमान, गावठाणातले आगरी, ब्राह्मण आळीतली घरं आणि तालुक्याच्या पाड्यांवरचे वारली तर आधीपासूनचेच. बाया एकमेकींच्या दारात गेल्या, एकमेकींचं पाहून शिकल्या. म्हणून इथल्या फोटोत नुसती नक्षी बघून ‘हे अमुक लोकांचं’ म्हणशील, तर फसशील. नक्षी फिरते. रेघ ओढायची सवय, ती काढायची जागा आणि तिचा महिना मात्र सहसा बदलत नाही. फोटो त्याच क्रमाने वाचायचा. मी कसा वाचते ते सांगते.

रेघ आधी बघ, नक्षी मागून

फोटो मोठा करून रांगोळीच्या एका रेघेचं टोक शोध. कोरड्या पुडीची रेघ टोकाला विरते. शेवटी चार-दोन कण सुटे पडलेले असतात, आणि ऊन तिरपं असेल तर रेघेला उंची असल्यामुळे तिची बारीकशी सावलीही पडते. ओल्या पिठाची किंवा खडूची रेघ जमिनीला चिकटून सपाट बसते. तिचं टोक गोल असतं, मध्येच थेंब जाडसर झालेला असतो आणि वाळल्यावर कडा पुसट होतात.

हा फरक कळला की अर्धं काम झालं. आपल्याकडची रोजची रांगोळी कोरडी असते, चिमटीतून सोडलेली. तेलुगू घरांतला रोजचा मुग्गुसुद्धा बहुतेक कोरडाच. रेघ ओली दिसली तर नजर दुसरीकडे वळव. तमिळ घरात सणाला किंवा लग्नाला तांदळाच्या ओल्या पिठाचं कोलम काढतात, त्याच्या कडेने लाल कावेची पट्टी असते आणि रेघा जोडीने जातात. बंगाली घरात अल्पना ओल्या पिठात बुडवलेल्या चिंधीने, बोटाच्या टोकाने काढतात. त्यामुळे तिच्यात वेली आणि पानं जास्त, ठिपके कमी. मारवाडी घरातलं मांडणं गेरूने सारवलेल्या लाल जमिनीवर पांढऱ्या खडियाने काढलेलं असतं.

गेरूचं एक लक्षात ठेव. आपल्या दारातही गेरूचा चौकोन सारवून त्यावर रांगोळी घालतात. तेव्हा खाली लाल दिसलं म्हणून घर मारवाडी ठरत नाही. लालावरची पांढरी रेघ चिकटलेली आहे की भुरभुरलेली आहे, ते बघून मगच बोल.

दुसरी गोष्ट, रेघ तांदळाच्या पिठाची की दगडाच्या पुडीची, हे फोटोवरून सांगण्याच्या भरीस पडू नकोस. पांढरं ते पांढरंच दिसतं. आणि भोवती जमीन ओली दिसली म्हणून लगेच पाऊस समजू नकोस. आपल्याकडे सडा घालून रांगोळी काढतात, तेलुगू बायाही अंगणात शेणपाणी शिंपून मग मुग्गु घालतात. सड्याची ओल दारापुरतीच असते आणि शेणाने किंचित हिरवट दिसते. पावसाची ओल भिंतीच्या पायापर्यंत चढलेली असते.

ठिपक्यातून की ठिपक्याभोवती

ठिपक्यांची रांगोळी आपलीच, असं आपल्या बायकांना वाटतं. तेलुगू बायकांना वाटतं की ती त्यांची. दोघींचंही खरं आहे, म्हणूनच ठिपके मोजून काही हाती लागत नाही. मधल्या ओळीत अकरा ठिपके आणि दोन्ही बाजूंना एकेक कमी करत न्यायचं, ही मांडणी दोन्हीकडे सारखीच आहे.

बघायचं ते एवढंच, की रेघ ठिपक्यातून जाते की ठिपक्याला वळसा घालते. ठिपक्याला ठिपका जोडून चांदणी, कमळ, पोपट तयार झाला असेल आणि मधल्या घरांत रंग भरला असेल, तर तो फोटो आपल्याकडचाही असू शकतो आणि पद्मानगरातलाही. पण रेघ ठिपक्याला न शिवता त्याच्या भोवतीने वळत वळत जात असेल, पुन्हा स्वतःलाच छेदत असेल आणि सगळी नक्षी एका न तुटणाऱ्या दोरीसारखी दिसत असेल, तर तो हात दक्षिणेकडचा. तमिळ बाया याला सिक्कू कोलम म्हणतात, तेलुगू बाया मेलिकल मुग्गु. हे काढायला लहानपणापासून हात बसावा लागतो. पुस्तकात बघून काढणारीची वळणं कुठेतरी टोकदार होतात, किंवा एखादा ठिपका वळशाबाहेर राहून जातो.

मोठ्या रंगीत वर्तुळावर पाचही बोटांतून पांढऱ्या समांतर रेघा सोडलेली आणि शंख, चक्र, सर्परेषा, स्वस्तिक अशी चिन्हं गुंफलेली रांगोळी दिसली, तर ती संस्कार भारतीच्या पद्धतीची. ती संस्था १९८१ साली स्थापन झाली, तेव्हा असा फोटो त्याआधीचा असायचा नाही. ही रांगोळी बहुतेक पाडव्याच्या शोभायात्रेत, सभागृहाच्या दारात किंवा लग्नाच्या हॉलबाहेर दिसते. ती घराचा प्रांत सांगत नाही, प्रसंग सार्वजनिक होता एवढं सांगते.

वारली माणसांची, ढोलनाच्याची आकृती रांगोळीत दिसली तरी घर वारल्यांचं समजू नकोस. वारल्यांचा लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर लिहितात, आणि त्याच्या मधोमध पालघट देवी असते. जमिनीवरच्या रांगोळीत त्या आकृत्या आल्या, त्या शहरातल्या बायकांच्या हौसेने.

उंबरठा खोटं बोलत नाही

अंगणातली नक्षी शेजारणीकडून उचललेली असू शकते. उंबरठ्याचं तसं नसतं. तो ज्या त्या घराच्या रीतीने पूजला जातो. सून आली की सासूने दाखवलं तसं ती करते.

तेलुगू घराचा उंबरठा हळदीने माखलेला असतो. पूर्ण पिवळा, त्यावर ठरावीक अंतराने कुंकवाचे ठिपके आणि कधी मध्ये पांढऱ्या रेघा. फोटोत दाराच्या तळाला अशी पिवळी पट्टी दिसली, तर दारातली रांगोळी कशीही असो, ते घर बहुधा तेलुगू. आपल्याकडे उंबऱ्यावर रांगोळीच्या दोन रेघा, मध्ये स्वस्तिक किंवा लक्ष्मीची पावलं आणि त्यावर हळदकुंकू वाहिलेलं असतं. हळदीची बोटं दिसतात, पण लाकूड झाकलं जात नाही.

फोटो काळा-पांढरा असेल तर हळद फिकट राखाडी दिसते आणि कुंकू जवळजवळ काळं. उंबरठा दाराच्या चौकटीपेक्षा उजळ आणि त्यावर काळे ठिपके, असं दिसलं तर तोच तो हळदीचा उंबरठा.

पावलं आणि रथ: सण कोणता

पावलं दिसली की सगळे दिवाळी म्हणतात. जरा थांब. आपल्या घरात पावलं दोनदा निघतात. भाद्रपदात ज्येष्ठागौरी येतात तेव्हा दारापासून गौरी बसवायच्या जागेपर्यंत, वाटेत घरभर फिरून पावलं काढतात. आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजनाची पावलं दारातून आत येतात आणि बहुतेक देवघराशी किंवा पूजेच्या पाटाशी थांबतात. तेव्हा पावलं कुठे जाऊन संपतात ते बघ. स्वयंपाकघर, कपाट, धान्याचे डबे असं करत ती सगळीकडे गेली असतील तर गौरी म्हण. पणत्या आणि आकाशकंदील असेल तर लक्ष्मी. आणि पावलं अगदी बाळाची, मुठीच्या कडेने उमटवलेली, वर बोटांचे पाच ठिपके दिलेली असतील, तर ते दाक्षिणात्य घर आहे आणि दिवस गोकुळाष्टमीचा.

रथाचंही तसंच. आपल्याकडे माघ शुद्ध सप्तमीला, रथसप्तमीला, तुळशीपुढे सूर्य काढतात. तोंड असलेला सूर्य, रथ, कधी सात घोडे. जवळच शेणीवर दूध उतू घालायचं बोळकं असतं. तेलुगू घरात संक्रांतीचे दिवस सरताना रथाचा मुग्गु काढतात. त्यात सूर्य नसतो. सगळा रथ चौकोनांचा, देवळाच्या रथासारखा, आणि त्याची दोरी रेघेने ओढत शेजारच्या दारापर्यंत नेलेली. त्याच महिन्यातल्या मुग्गुत मधोमध शेणाचे गोळे आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल दिसलं, तर शंका उरतच नाही.

एक रांगोळी मात्र आपल्याशिवाय कुणाची नाही: चैत्रांगण. चौकटीत गौर, सूर्य, चंद्र, तुळस, कासव, नाग, शंख, फणी-करंडा, हत्ती अशी चिन्हं दाटीने भरलेली असतात. ती चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत काढतात. ती दिसली की महिना, प्रांत आणि बहुतेक त्या दिवशीचं हळदीकुंकू आणि कैरीची डाळसुद्धा तू डोळे मिटून लिहू शकतेस.

आता हात

जमीन घराची असते, हात माणसाचा. आणि माणूस पाहुणा असू शकतो. हे वाक्य मनात पक्कं धर, कारण भिवंडीच्या फोटोत हे पदोपदी येतं. आमच्या लहानपणी मेंदी वाटली गेली की जिच्या घरी वाटली तिच्याकडे सगळ्या पोरी हात पुढे करून बसायच्या. मग हातावर रीत तिची आणि हात आपला.

पावसाळ्याचा दीड महिना बघ. आषाढात तेलुगू घरांत पोरी-बाया मेंदीचा ताजा पाला वाटून लावतात, त्याला त्या गोरिंटाकु म्हणतात. तळहाताच्या मधोमध भरीव गोल, भोवती लहान ठिपके आणि बोटांच्या टोकांना, नखांसकट, टोप्या. त्यानंतर श्रावण शुद्ध तृतीयेला मारवाडी घरांत हरियाली तीज येते. ती मेंदी बारीक भरणीची, तळहात पूर्ण भरलेला आणि लहरियाच्या वळणदार पट्ट्या. दोनच दिवसांनी पंचमीला आपली नागपंचमी. आदल्या दिवशी मेंदी आणि हातात नव्या बांगड्या. आपल्या जुन्या मेंदीतही मधला गोल आणि रंगवलेली बोटं असायची. कोकणी आणि मोमीन घरांतही तो गोल चाँद म्हणून काढायचे. म्हणजे मधल्या गोलावरून प्रांत ठरत नाही. तो गोल वाटलेल्या पाल्याचा आणि काडीचा आहे. कोन येण्याआधी सगळ्यांच्या हाताला तेवढंच साधत होतं.

नक्षीवरून थोडं सांगता येतं ते असं. मनगटापासून तर्जनीपर्यंत एकच तिरपी वेल आणि बाजूला मोकळी त्वचा, ती अरबी धाटणी. ती आधी ईदेच्या हातांवर ठळक दिसायला लागली, पण आता सगळ्यांच्याच लग्नात असते. कोपरापर्यंत भरलेल्या हातात नवरा-नवरीचे चेहरे, डोली, वाजंत्री दिसली, तर ती मारवाडी, गुजराती किंवा पंजाबी वळणाची नवरी. मुसलमान नवरीच्या मेंदीत माणसांचे चेहरे सहसा नसतात, वेलबुट्टी असते. माझ्या पिढीतल्या मराठी नवरीच्या फोटोत मेंदी शोधत बसू नकोस. तिची खूण हिरवा चुडा आणि नखांच्या कडेला राहिलेला हळदीचा पिवळेपणा.

ईद असेल तर ऋतू कामाला येतो. चांद्रवर्षामुळे ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. २००० साली तर जानेवारीत आणि डिसेंबरात अशी दोनदा ईद-उल-फित्र आली. तेव्हा ईदेचा हात आणि मागे पावसाळी छत्र्या असतील, तर फोटो नव्वदच्या दशकातला नसणार. मात्र बकरी ईद या ईदेनंतर सुमारे सत्तर दिवसांनी येते, ती वगळायला विसरू नकोस.

रंग आणि नख: किती दिवस झाले

मेंदी काढल्याकाढल्या हात नारिंगी दिसतो. दोन दिवसांत तो गडद तपकिरी-लाल होतो, आणि आठ-पंधरा दिवसांत फिकट होत जातो. तळहाताची कातडी जाड म्हणून तिथे रंग जास्त चढतो, हाताच्या पाठीवर कमी. तेव्हा नारिंगी हात म्हणजे त्याच दिवसाचा, गडद हात म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा, असं म्हणायला हरकत नाही. पहिल्याच दिवशी कोळशासारखा काळा हात दिसला, तर त्यात मेंदीपेक्षा रासायनिक रंग जास्त.

पण जुन्या रंगीत फोटोच्या रंगावर भरवसा ठेवू नकोस. कागदावरचा निळसर रंग आधी उडतो आणि सगळा फोटो लालसर होतो. मग साधा हातही मेंदीचा वाटतो. पारख सोपी आहे: फोटोत पांढरं काय असायला हवं ते शोध. रांगोळीच शोध. रांगोळी गुलाबी दिसत असेल, तर हाताची लाली मोजणीत धरू नकोस.

अशा वेळी नख बघ. नखावर चढलेली मेंदी धुतल्याने जात नाही, नख वाढतं तशी पुढे सरकते. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. म्हणून नखाच्या मुळाशी रंग टेकलेला असेल तर मेंदी ताजी. मुळाशी फिकट चंद्रकोर उघडी पडली असेल, तर मेंदी लावून बरेच दिवस झाले. नखाचा चतुर्थांश भाग मोकळा असेल तर धरून चाल की महिना उलटला. नेलपॉलिशशी गफलत होऊ शकते, पण ती चकाकते आणि टोकाकडून उडते. मेंदी चकाकत नाही आणि टोकाला शेवटपर्यंत टिकते.

फोटो उलटा नाही ना?

निगेटिव्ह उलटी घालून छापलेले फोटो प्रत्येक घरात एक-दोन निघतात. हल्ली मोबाइलने स्वतःचे काढलेले फोटोही काही वेळा आरशासारखे उलटे साठतात. मग डावा हात उजवा होतो आणि तू भलत्याच खुणा वाचतेस. रांगोळीतलं स्वस्तिक बघ. वरच्या टोकाची भुजा उजवीकडे वळायला हवी. स्वस्तिक कुठल्याही बाजूने, अगदी उलटं उभं राहून बघितलं, तरी ते वळण बदलत नाही. फक्त फोटो उलटा छापला तरच बदलतं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरची अक्षरं बघून खात्री कर. पदर कुठल्या खांद्यावर आहे, यावरून ठरवू नकोस, कारण गुजराती साडीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो.

एक फोटो पूर्ण वाचून दाखवते

तुझ्याच ढिगातला घे. पायरीवर आपली मुलगी बसली आहे, दोन्ही तळहात पुढे. मागे कुणीतरी ‘दिवाळी’ लिहिलंय, आणि खाली स्टुडिओचा शिक्का आहे: ऑगस्ट १९९२.

पहिलं, शिक्का फोटो छापल्याचा आहे, काढल्याचा नाही. रोल कॅमेऱ्यात महिनोन् महिने पडून राहायचा. म्हणजे फोटो ऑगस्टच्या आधीचा किंवा ऑगस्टमधला, एवढंच धर. १९९२ ची दिवाळी ऑक्टोबरात होती, म्हणून ती बाद. १९९१ ची अजून शक्य आहे.

आता जमीन. रेघ भुरभुरीत, म्हणजे कोरडी. ठिपक्यांना वळसे घालत जाणारी, आणि कुठेही टोकदार न झालेली. रंग नाही, पणती नाही. उंबरठा संपूर्ण पिवळा, त्यावर लाल ठिपके. घर तेलुगू, हे दोन खुणांनी ठरलं. आपली मुलगी तिथे पाहुणी.

मग ऋतू. कुणाचीच सावली नाही. भिंतीच्या पायाला शेवाळ आलंय आणि दाराच्या खिळ्याला छत्री टांगली आहे. ही सड्याची ओल नाही. १९९१ ची दिवाळी गेली.

शेवटी हात. रांगोळी गुलाबीसर दिसते, म्हणजे कागद लाल झालाय. मेंदीच्या रंगावरून दिवस मोजायचे नाहीत. पण नखं मुळापर्यंत रंगलेली आहेत, मेंदी आठवड्याच्या आतली. मधला गोल आणि बोटांच्या टोप्या. हे गोरिंटाकुचं रूप आहे, पण तो गोल ईदेलाही असतो आणि नागपंचमीलाही, म्हणून तिन्ही तपासायचे. १९९२ साली ईद एप्रिलच्या सुरुवातीला झाली आणि बकरी ईद जूनच्या पूर्वार्धात. भिंतीला शेवाळ धरायला तेवढा पाऊस तोवर झालेला नव्हता. आषाढ होता जुलैमध्ये, नागपंचमी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मुलीच्या हातात नव्या बांगड्या नाहीत, एकच जुनी आहे. घर तेलुगू, मेंदीची तऱ्हा त्यांची, पंचमीची खूण कुठे नाही. तेव्हा आषाढातली गोरिंटाकु, बहुधा. नागपंचमी पूर्णपणे बाद होत नाही.

‘बहुधा’ हा शब्द गाळू नकोस. मागच्याने एक शब्द ठाम लिहून ठेवला, म्हणून इतकी वर्षं हा फोटो दिवाळीच्या पाकिटात पडून होता.

लिहायचं कसं

फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिही. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पुढच्या फोटोला लागते. मागच्याने लिहिलेलं खोडू नकोस, त्याखाली आपलं लिही.

दोन ओळी कर. पहिल्या ओळीत जे दिसतं ते: ‘हळदीचा उंबरठा, वळशांचा मुग्गु, ताजी मेंदी, छत्री, शेवाळ.’ दुसऱ्या ओळीत जे ठरवलंस ते: ‘तेलुगू शेजाऱ्यांचं दार, बहुधा आषाढ, १९९२.’ उद्या कुणाला जास्त माहिती निघाली, तर तो दुसरी ओळ बदलेल. पहिली तशीच उपयोगी पडेल.

आणि वडीलधाऱ्यांना फोटो दाखवशील तेव्हा ‘हा कुठला सण?’ असं विचारू नकोस. त्या प्रश्नाला सगळे दिवाळी किंवा लग्न म्हणतात. ‘ही रांगोळी कोणी काढली असेल? मेंदी कोणी वाटली?’ असं विचार. माणसाचं नाव आठवलं की त्याच्यामागून घर येतं, घराच्या मागून महिना येतो. पद्मानगरातल्या अक्कांना हा फोटो घेऊन जा. त्या आता नव्वदीला टेकल्या आहेत, तेव्हा याच आठवड्यात जा.